गोवर: पुरळ उठले तो दिवस शून्य धरा

वाचकाचे पत्र

माझी मुलगी ८ वर्षांची आहे, वजन २४ किलो. सोमवारी दुपारी शाळेतच तिला ताप भरला, मग खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे सुरू झाले. गुरुवारी सकाळी कानांमागे आणि कपाळावर पुरळ दिसले, आज शुक्रवारी ते पोटापर्यंत उतरले आहे. ताप १०३.५ आहे. डॉक्टरांनी गोवर सांगितला. लहानपणी तिला लशीचा एकच डोस मिळाला होता, दुसरा राहून गेला. रविवारी आम्ही सगळे एका समारंभाला गेलो होतो. घरात ७ महिन्यांचा धाकटा मुलगा आहे, आणि पाच महिन्यांची गरोदर नणंद बुधवारी दिवसभर आमच्याकडे होती. मुलीची घरी काळजी कशी घ्यावी, शाळेत केव्हा पाठवावे आणि कशाकडे लक्ष ठेवावे?
— एक आई

उत्तर

आपले पत्र शुक्रवारी रात्री हाती आले. त्यातील एक गोष्ट थांबण्यासारखी नसल्यामुळे उत्तराचा पहिला भाग मी त्याच रात्री आपल्याला कळवला. इतर पालकांना उपयोगी पडावे म्हणून तो आता येथे त्याच क्रमाने देत आहे.

मुलीच्या आधी मला आपल्या बाळाविषयी लिहायचे आहे. गोवराचा रुग्ण पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून हा आजार पसरवू लागतो. पुरळ गुरुवारी दिसले, म्हणजे आपल्या मुलीच्या श्वासातून विषाणू बाहेर पडण्यास रविवारी सुरुवात झाली असे धरावे लागते, आणि बाळ तेव्हापासून तिच्याच घरात, तिच्याच हवेत आहे. संसर्ग झाल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर ती आजार रोखू शकते, परंतु ती मुदत बुधवारीच संपली. दुसरा उपाय म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, ज्यात तयार प्रतिपिंडे असतात. ते पहिल्या संपर्कापासून सहा दिवसांच्या आत द्यावे लागते आणि रविवारपासून मोजल्यास सहावा दिवस शनिवार येतो. म्हणून उद्या सकाळी, वाट न पाहता, बालरोगतज्ज्ञांना फोन करा, बाळाचे वय आणि या तारखा सांगा, आणि हे इंजेक्शन कोठे मिळेल ते विचारा. ‘बघू या, ताप आला तर नेऊ’ असे बाळाच्या बाबतीत करू नका. सातव्या महिन्यापर्यंत आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बहुतेक बाळांत पुरेशी उरलेली नसतात, आणि वर्षाच्या आत झालेला गोवर शाळकरी मुलाच्या गोवरापेक्षा पुष्कळ अधिक धोक्याचा असतो. स्तनपान मात्र चालू ठेवा, ते थांबवण्याचे काहीही कारण नाही.

नणंदेचा हिशेब वेगळा आहे. तिचा संपर्क बुधवारचा, म्हणून तिचा सहावा दिवस मंगळवार. तिने शनिवारीच आपल्या प्रसूतितज्ज्ञांना कळवावे. तिला पूर्वी गोवर झाला असेल किंवा लशीचे दोन डोस मिळाल्याची नोंद असेल तर बहुधा काही करावे लागणार नाही. तशी नोंद नसेल तर रक्तातील गोवराविरुद्धची प्रतिपिंडे तपासतात आणि ती नसल्यास तिलाही इम्युनोग्लोब्युलिन देतात. गोवराची लस ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असल्यामुळे गरोदरपणात ती देत नाहीत. गरोदर स्त्रीला गोवर झाल्यास तिला स्वतःला न्यूमोनियाचा धोका वाढतो आणि गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते, म्हणून मंगळवारपर्यंत वेळ आहे असे समजून तिने स्वस्थ बसू नये.

फोन आधी करा असे मी मुद्दाम म्हटले. गोवराचा विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण खोली सोडून गेल्यावरही त्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशी दहा माणसे रुग्णाच्या निकट संपर्कात आली तर त्यांतील नऊ जणांपर्यंत आजार पोहोचतो. आपल्या मुलीला न कळवता दवाखान्याच्या गर्दीत बसवले, तर तिच्याबरोबर तेथे बसलेल्या तान्ह्या मुलांनाही आपण नकळत धोक्यात आणू. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते शेवटची वेळ देतात, मागच्या दाराने आत घेतात किंवा बाहेर मोकळ्यावर येऊन तपासतात.

आता मुलीविषयी. एक कागद घ्या आणि त्यावर गुरुवारपुढे शून्य लिहा. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन, सोमवार चार, मंगळवार पाच. ताप आला तो सोमवार या मोजणीत धरायचा नाही, डॉक्टरांनी निदान केले तो दिवसही धरायचा नाही, पुरळ पहिल्यांदा दिसले तोच दिवस शून्य. अनेक पालक येथेच चुकतात. ते तापापासून चार दिवस मोजतात आणि संसर्ग ऐन भरात असताना मुलाला शाळेत पाठवतात, किंवा पुरळ पूर्णपणे मावळण्याची वाट पाहत विनाकारण दोन आठवडे घरात ठेवतात. विलगीकरण शून्याच्या दिवसापासून चौथा दिवस संपेपर्यंत असते, म्हणजे आपल्या मुलीसाठी सोमवारची रात्र उलटेपर्यंत. मंगळवारी ती इतरांना संसर्ग देण्याच्या अवस्थेतून बाहेर आलेली असेल, मग अंगावर तपकिरी डाग आणि खोकला उरलेला असला तरी हरकत नाही. हा नियम प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या मुलांसाठी आहे. जे मूल कर्करोगाचे उपचार घेत आहे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेत आहे, त्याच्या शरीरातून विषाणू अधिक दिवस बाहेर पडू शकतो, आणि त्याची मुदत डॉक्टरांनीच ठरवायची असते.

हाच कागद पुढे गुंतागुंत ओळखण्यासही उपयोगी पडणार आहे, म्हणून रोज त्यावर सकाळ-संध्याकाळचा ताप, दिलेले औषध, किती वेळा लघवी झाली आणि झोपेतील श्वासांची संख्या लिहीत जा.

घरातील विलगीकरणाबाबत मी फार कडक नियम सांगत नाही, कारण बाळाचा आणि घरच्यांचा संपर्क आधीच होऊन गेला आहे. तरीही मुलीला स्वतंत्र खोली द्या, बाहेरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा, दार बंद ठेवा, आणि तिची सेवा अशाच व्यक्तीने करावी जिला पूर्वी गोवर होऊन गेला आहे किंवा लशीचे दोन डोस झाले आहेत. ती व्यक्ती आपणच असाल तर बाळाला घेण्यापूर्वी हात साबणाने धुवा. शक्य असेल तर या दिवसांत बाळाला तिच्या खोलीत नेऊ नका. इंजेक्शन मिळाले तरी संसर्गाचा भार जितका कमी राहील तितके बरे. सोमवारपर्यंत घरी पाहुणे येऊ देऊ नका, विशेषतः लहान मुले घेऊन येणारे.

शुश्रूषेतील मुख्य काम पाणी पोटात जाऊ देणे हेच आहे. १०३-१०४ तापात, जलद श्वासात आणि तोंड आल्यामुळे मूल पीत नाही, आणि शरीर कोरडे पडल्यावर ते आणखी मलूल होते. २४ किलो वजनाच्या मुलीला एरवीही दिवसाला साधारण दीड लिटर द्रव लागतो, तापात त्याहून अधिक. पेलाभर पाणी एकदम समोर धरले तर ती नाकारील. त्याऐवजी दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट द्या. जुलाब लागले तर प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस द्या. जागेपणी सहा ते आठ तासांत एकदाही लघवी झाली नाही, तोंड आणि जीभ कोरडी पडली, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. खाण्याचा आग्रह पहिले दोन-तीन दिवस करू नका, पण खायला मागितल्यास कोणतेही पथ्य म्हणून नाकारूही नका. गोवरात मुलाचे पोषण वेगाने खालावते, आणि उपास घडवणे किंवा एखादा पदार्थ बंद करणे त्याला पाठबळ देत नाही.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे. एका वेळचे प्रमाण वजनावर ठरते, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या मुलीला २४० ते ३६० मिलिग्रॅम. बाजारात सिरप दोन ताकदींत मिळते आणि चूक नेमकी येथे होते. ज्या बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असे लिहिले आहे, त्यातील ५ ते ७ मिलिलिटर तिला योग्य होईल, परंतु त्याच मापाने १२५ मिलिग्रॅमच्या बाटलीतून दिले तर निम्मेच औषध पोटात जाईल. म्हणून चमचा न मोजता आधी लेबल वाचा. दोन मात्रांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवा आणि २४ तासांत चारपेक्षा अधिक मात्रा देऊ नका. सर्दी-तापाच्या मिश्र औषधात पॅरासिटामॉल आधीच असते, त्यामुळे ते याच्या जोडीला देऊ नका. ॲस्पिरिन मुळीच देऊ नका, कारण विषाणूजन्य तापात मुलांना दिलेल्या ॲस्पिरिनचा संबंध यकृत आणि मेंदूवर परिणाम करणाऱ्या रेय सिंड्रोम या दुर्मीळ पण गंभीर आजाराशी आहे. ताप उतरवला तर पुरळ ‘आत बसेल’ ही भीती निराधार आहे. पुरळ म्हणजे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांजवळ शरीराने विषाणूला दिलेला प्रतिसाद आहे, औषधाने ताप घटल्यामुळे तो कोठेही मागे जात नाही. त्याच कारणाने मुलीला जाड पांघरुणांत गुंडाळू नका, सैल सुती कपडे घाला, आणि तिला बरे वाटत असेल तर कोमट पाण्याने अंग पुसा किंवा स्नान घाला.

डोळे लाल होणे आणि उजेड सहन न होणे हा गोवराचाच भाग आहे. खोली थोडी अंधारी केल्याने तिला आराम वाटेल, पण अंधार हा उपचार नव्हे, त्यामुळे खिडकी बंद करून हवा कोंडू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने डोळा नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या दिशेने पुसा आणि प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा बोळा घ्या. घरात पडलेले, विशेषतः स्टिरॉइड असलेले, डोळ्यांचे थेंब घालू नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणतेच थेंब नकोत.

डॉक्टरांना एक गोष्ट आपण स्वतःहून विचारा, ती म्हणजे जीवनसत्त्व अ. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला, त्याचे पोषण चांगले असले तरी, हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत लागोपाठ दोन दिवस देतात. वर्षापुढील मुलाची एका दिवसाची मात्रा २ लाख आंतरराष्ट्रीय एकक असते. गोवरात शरीरातील या जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने घटतो आणि डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊन अंधत्व येऊ शकते. ही मात्रा ते टाळण्यास मदत करते आणि अनेक मुलांचा जीवही वाचवते. ही मात्रा दवाखान्यातच द्यायची असते. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घरी अंदाजाने वाढवून देऊ नका, कारण अधिक प्रमाणात ते यकृतासाठी विषासमान ठरते. आपल्या डॉक्टरांनी अद्याप दिलेले नसेल तर शनिवारच्या फोनमध्ये ही चौकशी जोडून घ्या.

प्रतिजैविकांबाबत पालकांचा आग्रह मला रोज ऐकू येतो. गोवर विषाणूमुळे होतो, त्याच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत, आणि ‘पुढे काही होऊ नये म्हणून’ ती देऊ नयेत. जेव्हा कान, फुप्फुस किंवा डोळ्यात जिवाणूंचा संसर्ग झाल्याचे डॉक्टरांना दिसते, तेव्हा मात्र ती वेळेवर आणि पूर्ण दिवस द्यावी लागतात.

ती वेळ ओळखायची कशी, हे समजण्यासाठी गोवराच्या तापाची चाल माहीत हवी. पुरळ निघताना ताप सर्वांत वर जातो, त्यामुळे शुक्रवारचा १०३.५ हा आकडा पाहून मला आश्चर्य वाटले नाही. दोन-तीन दिवसांत पुरळ पायांपर्यंत पोहोचते आणि ताप उतरू लागतो. आपल्या कागदावर तीन आणि चार या आकड्यांपुढे, म्हणजे रविवार-सोमवारी, ताप स्पष्टपणे कमी झालेला दिसायला हवा. पुरळ ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, चेहऱ्यापासून, तपकिरी होत मावळते आणि बारीक कोंडा सुटतो. चौथ्या दिवसानंतरही ताप टिकून राहिला, किंवा एकदा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर तो गोवराचा ताप उरलेला नाही असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तसे का, तर गोवराचा विषाणू श्वासमार्गाचे अस्तर खरवडून टाकतो आणि त्याच वेळी संरक्षण करणाऱ्या पेशींनाही दुबळे करतो, त्यामुळे इतर जंतूंना मोकळी वाट मिळते. हे जंतू आपला परिणाम दाखवतात तो साधारण याच सुमारास, पुरळ मावळू लागल्यावर.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेला एक मुलगा मी विसरू शकत नाही. पाचव्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावरचे पुरळ गेले, म्हणून घरच्यांनी तो बरा झाला असे धरले. त्याचा ताप परत चढला होता, पण तो ‘थकव्याचा’ ताप समजून दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले. माझ्यासमोर आला तेव्हा तो एक वाक्य सलग बोलू शकत नव्हता. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत होता. तो वाचला, पण आठ दिवस त्याला ऑक्सिजन लावावा लागला. त्याच्या आईवडिलांनी काळजी कमी घेतली नव्हती, त्यांनी फक्त पुरळाकडे पाहिले आणि श्वासाकडे पाहिले नाही.

म्हणून आपण श्वास मोजायला शिका. मुलगी झोपलेली किंवा शांत पडलेली असताना, शक्यतो तापाचे औषध दिल्यानंतर तासाभराने, पोट-छाती वर येण्याची संख्या पूर्ण एक मिनिट मोजा. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, त्यात चूक होते. आठ वर्षांच्या मुलीत ही संख्या ३० किंवा त्याहून अधिक आली, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा आणि तशीच राहिली तर त्याच दिवशी दाखवा. श्वास घेताना फासळ्यांमधील जागा किंवा गळ्याखालची खळी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हण्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ती पाणीही पिऊ शकत नसेल, तर वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या. गोवराने दगावणाऱ्या मुलांत न्यूमोनिया हेच सर्वांत मोठे कारण असते, साधारण २० रुग्णांत एकाला तो होतो. आवाज बसून भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना घोगरा आवाज येणे हेही लगेच दाखवण्यासारखे लक्षण आहे.

कान दुखणे किंवा कानातून पू येणे हे अधिक वेळा घडते, दहा रुग्णांत सुमारे एकाला. ते जिवावर बेतत नाही, पण दुर्लक्ष केल्यास ऐकू येणे कमी होऊ शकते. आठ वर्षांची मुलगी दुखणे सांगू शकते ही येथे जमेची बाजू आहे. तिने एका कानाकडे हात नेला किंवा आवाजाला उशिरा प्रतिसाद दिला तरी लक्षात घ्या.

डोळ्यांत लाली असणे ठीक, परंतु बुबुळावर पांढरट ठिपका दिसणे, तीव्र दुखणे, दृष्टी धूसर होणे किंवा अंधारात दिसेनासे होणे यांसाठी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. अशा वेळी दोन-चार आठवड्यांनी जीवनसत्त्व अ ची आणखी एक मात्रा देण्याचा निर्णयही घेतला जातो.

मेंदूचा दाह हजारांत एखाद्यालाच होतो, तरी त्याची लक्षणे आपल्याला माहीत असावीत. तो बहुधा पुरळ उठल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी येतो, म्हणजे मूल बरे होते आहे असे वाटू लागल्यावर. ताप पुन्हा चढतो, डोके खूप दुखते, उलट्या होतात, मान ताठते, मूल कोणालाही ओळखू न शकण्याइतके गुंगीत जाते किंवा विचित्र वागू लागते, झटके येतात. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. नुसते झोपाळू असणे आणि हाक मारून, हलवूनही नीट न जागे होणे यांत फरक आहे. हा फरक तपासायला रात्री एकदा उठवून तिचे नाव विचारावे आणि पाणी द्यावे, ती चिडली तर ते चांगले लक्षण आहे.

एका गोष्टीने आपण मनात खंत बाळगू नये. लशीचा पहिला डोस शंभरांपैकी सुमारे ९३ जणांना संरक्षण देतो, दोन डोसांनंतर हे प्रमाण ९७ पर्यंत जाते. आपली मुलगी बहुधा त्या उरलेल्या सातांतली निघाली. यामुळे लस निरुपयोगी ठरत नाही, दुसऱ्या डोसाची गरज का असते तेवढे यातून समजते. गोवराची प्रतिकारशक्ती तिला आता आयुष्यभर राहील, पण राहिलेला डोस रुबेलासारख्या इतर आजारांविरुद्धही असतो, म्हणून बरी झाल्यावर तो केव्हा द्यायचा ते डॉक्टरांना विचारा. गोवरासारखे पुरळ इतर आजारांतही उठत असल्यामुळे निदान प्रयोगशाळेतून पक्के करून घेणे चांगले. रक्ताची तपासणी पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत खोटी नकारार्थी येऊ शकते, त्यामुळे घशाचा नमुनाही घेतात. ही नोंद आरोग्य विभागापर्यंत पोहोचली की संपर्कातील मुलांचा शोध त्यांना घेता येतो.

शाळेला आपण आजच कळवा, आणि ‘मुलगी आजारी आहे’ इतकेच न कळवता ‘गुरुवारी पुरळ उठले आणि सोमवारी ती वर्गात होती’ असे नेमके कळवा. सोमवार शून्याआधीचा तिसरा दिवस, म्हणजे संसर्गाच्या काळातलाच. मंगळवारपासून ती शाळेत नव्हती, म्हणून वर्गातील मुलांचा संपर्काचा दिवस एकच आहे आणि हिशेब सोपा होतो. ज्या मुलांचे दोन्ही डोस पूर्ण आहेत, ती शाळेत येऊ शकतात. ज्यांना लस मिळालेली नाही, त्यांनी त्या सोमवारपासून २१ दिवस, म्हणजे तिसरा सोमवार उलटेपर्यंत घरी राहावे, कारण संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत बहुधा दोन आठवडे जातात, क्वचित तीन. या मुलांना ७२ तासांच्या मुदतीनंतर दिलेली लस या संसर्गाला अडवील याची खात्री नाही, पण पुढच्या संसर्गापासून वाचवील, म्हणून ती तरीही घ्यावी. रविवारच्या समारंभातील ज्यांच्याकडे वर्षाच्या आतील बाळ किंवा गरोदर स्त्री असेल, त्यांनाही शनिवारीच फोन करा. त्यांचाही सहावा दिवस तोच आहे. हे सांगताना संकोच वाटेल, पण ताप येण्याच्या आदल्या दिवशी कोणालाही काही कळणे शक्य नव्हते.

मुलीला मंगळवारी पाठवण्याची मुभा आहे, म्हणजे पाठवलेच पाहिजे असे नाही. तापाच्या औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप न येणे, नीट जेवणे आणि घरात हिंडता येणे, हे तीनही जमेपर्यंत मी तिला घरीच ठेवीन, बहुधा त्या आठवड्याच्या शेवटापर्यंत. खोकला दहा दिवस ते दोन आठवडे रेंगाळेल. पुढचे काही महिने मात्र तिच्या साध्या तापालाही जरा अधिक गांभीर्याने घ्या. गोवर शरीराने पूर्वी ओळखलेल्या जंतूंची स्मृती पुसून टाकतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांच्या जुन्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गोवरानंतर नाहीशी झाल्याचे आढळले. घरात किंवा शेजारी कोणाला क्षयरोग असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

बाळाला इंजेक्शन मिळाल्यानंतर त्याचा स्वतंत्र कागद करा. बहिणीच्या चौथ्या दिवसापासून, म्हणजे येत्या सोमवारपासून, २८ दिवस त्याचा ताप, डोळे आणि खोकला पाहत राहा. इम्युनोग्लोब्युलिनमुळे आजार उशिरा आणि सौम्य रूपात दिसू शकतो, म्हणून नेहमीच्या २१ दिवसांवर समाधान मानू नका. या काळात त्याला ताप आला तर दवाखान्यात नेण्याआधी पुन्हा फोन करा. त्याची गोवराची लसही या इंजेक्शनमुळे साधारण सहा महिने पुढे जाते, कारण तयार प्रतिपिंडे अंगात असताना लस नीट लागू पडत नाही. ती तारीख डॉक्टरांकडून त्याच वेळी त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्या.